शिक्क्याचा हात

माझ्या उजव्या कोपराला टेनिस खेळणाऱ्यांचा आजार झाला होता, असं सांगितलं की लोक आजही हसतात. हसू देत. मी जन्मात टेनिसची रॅकेट धरलेली नाही. मी धरला तो शिक्का. लाकडी मुठीचा, टपालावर तारीख उठवायचा. लढाईच्या वर्षांत इस्लामपूरच्या पोस्टात तो मी इतक्या वेळा उचलला आणि आपटला, की तळहाताला मुठीचा घट्टा पडला आणि तो निवृत्तीनंतरही बरीच वर्षं गेला नाही.

काम दिसायला सोपं. दुपारी सर्व्हिस मोटारीनं टपालाची पिशवी यायची. पॅकर, म्हणजे पिशव्या बांधणारा-सोडणारा आमचा जुना माणूस, लाखेचं सील फोडून ती माझ्या टेबलावर उपडी करायचा. पत्रं एका तोंडानं लावायची आणि सुरू करायचं. एकदा शाईच्या गादीवर, एकदा पत्रावर. ठक्, ठक्. म्हणजे शंभर पत्रांना दोनशे वेळा हात आपटायचा, हे बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. बाहेर ओट्यावर खेड्यांतून चालत आलेल्या बाया बसलेल्या असायच्या. आवाज सुरू झाला की त्यांचं बोलणं थांबायचं. त्या भागात तेव्हा ज्या घरातला कुणी पलटणीत नाही असं घर विरळाच होतं.

शिक्का मारायला आमच्यात कुणी राजी नसे. बोटं काळी होतात, नाकात शाईचा वास बसतो आणि वर पोस्टमास्तरसाहेब तारीख स्पष्ट उठली की नाही ते बघतात. मी मात्र ती खुर्ची मागून घेतली होती, आणि का घेतली ते कुणाला सांगितलं नव्हतं. गावात येणारं प्रत्येक पत्र सगळ्यांच्या आधी त्या खुर्चीतल्या माणसाच्या हाताखालून जातं. माझा भाऊ फौजेत होता. त्याचं पत्र आलं तर ते पहिल्यांदा मला दिसावं, एवढंच मला हवं होतं.

भाऊ माझ्याहून बारा वर्षांनी धाकटा. पाटणजवळच्या आमच्या गावी तापाच्या साथीत आई आणि वडील आठ दिवसांच्या अंतरानं गेले, तेव्हा तो सहा वर्षांचा होता. मी त्याला घेऊन नोकरीच्या गावी आलो. लग्न केलं नाही. आधी त्याच्यासाठी म्हणून आणि मग राहूनच गेलं म्हणून. त्याला पाटीवर अक्षरं मीच गिरवायला दिली. तो अठराचा झाला आणि एक दिवस म्हणाला, भरतीला जातो. मी नको म्हणालो, चार दिवस भांडलो, दोन दिवस अबोला धरला. सातव्या दिवशी सकाळी तो ट्रंक उचलून दारात उभा राहिला.

"दादा, पोचलो की पत्र टाकतो," तो म्हणाला.

माझा राग कायम नाकावर. मी त्याच्याकडं पाठ करून चुलीतली लाकडं सारत म्हणालो, "गेलास तर पत्रसुद्धा टाकू नकोस. माझ्याकडं पत्रं पुष्कळ येतात."

रुबाब बघा बोलण्यातला. मागं वळलो तेव्हा दार मोकळं होतं.

चार वर्षं झाली, पत्र आलं नाही. तुम्ही विचाराल, मग तुम्हीच का नाही लिहिलं? पत्ता ठाऊक नव्हता, हे माझं ठरलेलं उत्तर. शोधला असता तर मिळाला असता. पोस्टातल्या माणसाला पत्ता मिळत नाही म्हणजे काय? खरं उत्तर असं, की मी थोरला होतो आणि सुरुवात त्यानं करायला हवी होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसलं आमचं घराणं. घराणं म्हणजे तरी काय, दोघंच.

लढाई संपली तेव्हा पत्रं कमी होतील असं वाटलं होतं. उलट ती वाढली. जो तो घरी कधी येणार ते कळवत होता. त्याच थंडीत एका सकाळी अंघोळीला बसलो आणि घंगाळातून भरलेला तांब्या उचलला, तर कोपराच्या बाहेरच्या अंगाला, जिथं हाडाची गाठ हाताला लागते तिथं, अशी कळ आली की तांब्या सुटून पाण्यात पडला. कळ तिथून हाताच्या वरच्या बाजूनं मनगटाकडं उतरली. वाटलं, झोपेत अंगाखाली आला असेल. दुपारी शिक्का धरला आणि कळलं की झोपेचा काही संबंध नाही.

पुढचे दोन महिने मी ते दुखणं लपवलं. दुखण्याचीही गंमत असते. हात नुसता मांडीवर ठेवला तर काही नाही. कोपर पूर्ण वाकतो, पूर्ण सरळ होतो. पण काही मुठीत धरलं की झालं. कडी काढताना कळ. तळहात खाली करून तवा उचलताना कळ. पोस्टमास्तरसाहेबांनी दसऱ्याला हात मिळवला होता, तसा आता कुणी मिळवू नये म्हणून मी लांबूनच नमस्कार करू लागलो. सगळ्यांत वाईट धोतर पिळणं. भाऊ होता तेव्हा आम्ही दोघं दोन टोकं धरून उलटसुलट पीळ द्यायचो. तो मुद्दाम जोरात पीळ द्यायचा आणि मी ओढला जाऊन दगडावर आपटलो की खो खो हसायचा. एकटा झाल्यावर मी एक टोक खुंटीला अडकवून पिळत असे. आता तेही जमेना. निथळतं धोतर तसंच दोरीवर टाकायचो आणि खाली थेंब पडत राहायचे. त्या थेंबांचा आवाज मला फार ऐकू यायचा. घरात दुसरा आवाजच नव्हता.

हात दाखवून अवलक्षण नको म्हणून वैद्याकडं गेलो नाही. पॅकरला मात्र कळलंच. तो म्हणाला, "मास्तर, कोपरावर बिब्बा घाला. म्हशीच्या गुडघ्याला घातलाय म्या, पळाया लागली." पोस्टात काम करणाऱ्या प्रत्येकाला गावात मास्तरच म्हणत, अगदी आमच्यासारख्या कारकुनालाही. मी बिब्बा घातला. कातडी उतली, फोड आला आणि आत दुखत होतं ते तसंच दुखत राहिलं. मग त्यानं एका हाड बसवणाऱ्याचं नाव काढलं. त्या माणसानं हात धरून असा हिसका दिला की मी आठ दिवस चमचाही धरू शकलो नाही. हाड निसटलेलंच नव्हतं, तर तो बसवणार काय?

शेवटी शिक्क्यानंच चुगली केली. हाताला जोर नाही, त्यामुळे तारीख अर्धी उठायची. कधी गावाचं नाव पुसट, कधी शिक्का तिरका होऊन नुसती चंद्रकोर. पोस्टमास्तरसाहेबांनी पाच-सहा कार्डं माझ्यापुढं टाकली.

"ही तारीख वाचून दाखवा," ते म्हणाले.

मला वाचता येईना.

"उद्यापासून शिक्का धाकट्या कारकुनाकडं. तुम्ही सांगलीला जाऊन हात दाखवून या."

मी म्हणालो, साहेब, मी नीट मारतो, एवढी खुर्ची राहू द्या. आवाज जरा जास्तच काकुळतीचा झाला असावा, कारण त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. शिक्क्याच्या खुर्चीसाठी कुणी गयावया केलेली त्यांनी पाहिली नसणार. पण हुकूम तो हुकूम. मला वाटलं, आता ज्या दिवशी पत्र येईल त्या दिवशी ते दुसऱ्याच्या हाताखालून जाईल, आणि दुसऱ्याला ते अक्षर कसं ओळखू येणार?

सांगलीचे डॉक्टर लढाईवरून नुकतेच परतले होते. कोट-टोपी नीटनेटकी, बोलणं मात्र साधं. त्यांनी आधी मान वळवायला लावली, बोटांना मुंग्या येतात का विचारलं. येत नाहीत म्हणालो. मग कोपर सरळ ठेवून, तळहात जमिनीकडं करून मूठ वळायला सांगितली आणि म्हणाले, "मी हात खाली दाबतो, तुम्ही दाबू देऊ नका." त्यांनी दाबलं आणि माझ्या तोंडून आई गं निघालं. मग त्या हाडाच्या गाठीपाशी अंगठा नेमका टेकवला. मी खुर्चीतून उठलोच.

"टेनिस खेळता का?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं थट्टा करतायत. मी जरा फणकाऱ्यानंच म्हणालो, "मी पोस्टात कारकून आहे."

"या दुखण्याचं नावच टेनिस एल्बो. ज्यांना होतं त्यांतल्या बहुतेकांनी रॅकेट पाहिलेलीसुद्धा नसते. सुतार, गवंडी, धोबी, आता तुम्ही." मग त्यांनी माझ्याच हातावर बोट फिरवून दाखवलं. मनगट वर उचलणारे स्नायू इथं, या हाडाला येऊन चिकटतात. मूठ आवळली की मनगट सरळ ठेवायला हेच स्नायू ताणले जातात. रोज शेकडो वेळा आवळलं, आपटलं, की चिकटलेलं टोक दुखावतं. सांधा धड आहे. हाड जागेवर आहे. "ते हिसके देणं पुन्हा नको."

"किती दिवसांत बरं होईल?"

"दुखणं येतं हत्तीच्या पायानं आणि जातं मुंगीच्या पायानं, हे तुम्हाला मी सांगायला नको. दीड-दोन महिन्यांत उतार पडेल. पुरतं जायला जास्तही लागतील. पण हात गळ्यात अडकवून बसू नका. वापरायचा, मात्र दुखवायचा नाही."

मग एकेक सांगत गेले आणि मी मुकाट ऐकत गेलो. शिक्का सहा आठवडे बंद. वस्तू उचलायची तर तळहात वर करून, कोपर वाकवून, अंगाजवळ धरून; तळहात खाली करून काही उचलायचं नाही. पिळायचं नाही. लेखणीला चिंधी गुंडाळून ती जाड करायची, म्हणजे चिमूट आवळावी लागत नाही. आणि कोपराखाली दोन-तीन बोटं सोडून, हाताच्या पोटरीसारख्या फुगीर भागावर, चामड्याचा रुंद पट्टा. दुखऱ्या हाडावर नाही, त्याच्या खाली. आत एक बोट जाईल इतपत सैल. कामाच्या वेळी बांधायचा, काम संपलं की काढायचा. बोटं बधिर झाली तर घट्ट झालाय समजायचं.

"पट्ट्यानं बरं होत नाही," डॉक्टर म्हणाले. "तो नुसता ताण हलका करतो. बरं व्यायामानं होईल. कोपर सरळ ठेवा, तळहात खाली. आता दुसऱ्यानं तुमचा पंजा धरून मनगट खाली वाकवायचं, ताण बसेपर्यंत, आणि तीस आकडे मोजायचे. घरात कुणालाही जमेल."

"घरात कुणी नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझा डावा हात उचलून उजव्या पंजावर ठेवला. "मग तुमचाच डावा हात," ते म्हणाले.

दुसरा व्यायाम वजनाचा. हात टेबलावर पालथा, मनगट कडेच्या बाहेर, मुठीत लहानसं वजन. डाव्या हातानं आधार देऊन ते वर न्यायचं आणि दुखऱ्या हातानं एकट्यानं, अगदी सावकाश खाली सोडायचं. दहा-पंधरा वेळा, सकाळी आणि संध्याकाळी. करताना थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं तर वजन कमी करायचं.

पट्टा पॅकरनं करवून आणला. रद्द झालेल्या टपालपिशवीचं चामडं, तिचंच बक्कल. पहिल्या दिवशी मी शहाण्यानं तो नेमका दुखऱ्या हाडावर बांधला, तोही करकचून. दुखतं तिथंच बांधायला नको का? तासाभरात बोटांना मुंग्या आल्या. मग डॉक्टरांची तीन बोटं आठवली.

शिक्क्यावरून काढून मला खिडकीवर बसवलं. तिकिटं द्यायची, चौकशीला उत्तरं द्यायची आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांची पत्रं वाचून दाखवायची. आतून धाकट्या कारकुनाची ठक् ठक् ऐकू यायची आणि माझी मान दर वेळी मागं वळायची. तो चांगला होता बिचारा, पण पत्ते वाचल्याशिवाय भराभर मारायचा. मला ते सहन होत नसे. मी त्याच्यावर दोनदा विनाकारण खेकसलो.

खिडकीतून माझा हात दिसायचा आणि हातावरचा काळा पट्टा. एका म्हातारीनं तो पाहिला. मी तिला ओळखत होतो. वर्षानुवर्षं ओट्यावर येऊन बसणारी, मुलगा फौजेत असलेली.

"गंडा बांदलायसा व्हय मास्तर? कुनासाटनं?" तिनं विचारलं.

"गंडा नाही मावशी. कोपर दुखतो, त्याचा पट्टा आहे."

"असंल. माझ्याबी हाताला हाय बगा." तिनं मनगटावरचा काळा दोरा दाखवला. "ल्योक घरला आला की सोडनार." मग पदराखालून पाकीट काढून माझ्यापुढं सरकवलं. "ह्ये वाचा तेवडं. आमच्या शाळेचं मास्तर सुट्टीवर गेल्यात."

मी वाचायला लागलो. पलटण आता परत हिंदुस्थानात, जबलपूरला आली आहे. फौजेतून नावं कमी करायचं चाललंय. गाभण म्हैस व्याली का ते कळवावं. मी सवयीनं एका सुरात वाचत होतो. पुढची ओळ मी अर्धी मोठ्यानं वाचली आणि अर्धी गिळली. इस्लामपूरच्या पोस्टातल्या मास्तरांना सांग, त्यांचा भाऊ माझ्याच बराकीत आहे आणि खुशाल आहे.

"थांबला का वो? वाचा की फुडं," म्हातारी म्हणाली. मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "त्ये व्हय? त्ये तर मागच्याबी पत्रात हुतं. त्येच्या आदीबी."

"मग सांगितलं का नाही मला?" माझा आवाज चढला. ओट्यावरच्या बाया बघायला लागल्या.

"दोन डाव आलते की सांगाया. तवा तुमी आत शिक्का मारीत हुता. हाका मारल्या तर म्हनालासा, पत्र आसंल तर पोष्टमन दील, बाजूला व्हा. मान वर कराल तर शपत."

ती रागानं बोलत नव्हती. झालं तसं सांगत होती. आणि मला ते आठवलंही. तिला नव्हे, पण अशा कितीजणींना मी बाजूला व्हा म्हणालो होतो, कारण मी त्याचं पत्र शोधण्यात गढलो होतो. भावाची खुशाली वर्षानुवर्षं माझ्याच टेबलावर येत होती. मी तिच्यावर माझ्याच हातानं तारीख मारत होतो आणि पुढं सरकवत होतो.

पाकिटावरचा पत्ता मी उतरवून घेतला. त्या संध्याकाळी घरी कार्ड पुढं घेऊन बसलो. लेखणीला चिंधी गुंडाळलेली. हातानं काही अडवलं नाही. हात त्या दिवशी बरा होता. अडलं ते दुसरंच. मी चुकलो हे दोन शब्द लिहायचे होते, आणि ते काही उतरेनात. शेवटी लिहिलं ते असं. उजवा कोपर दुखतो. डॉक्टरांनी पट्टा व व्यायाम सांगितला आहे, त्यामुळे उतार आहे. धोतर पिळता येत नाही. सुट्टी मिळाल्यास ये. एवढंच. चार वर्षांनी थोरल्या भावानं लिहिलेलं पत्र हे! पण 'धोतर पिळता येत नाही' यातलं त्याला कळेल, असं मला वाटलं. कार्डाच्या कोपऱ्यात माझा पत्ता घातला आणि सकाळी धाकट्या कारकुनापुढं ठेवलं.

"शिक्का नीट मार," मी म्हणालो. त्यानं मारला. तारीख स्वच्छ उठली होती, हे मला कबूल करावं लागलं.

मग मी व्यायामाला नेमानं लागलो. ओळखीच्या वाण्याकडून अच्छेर, म्हणजे अर्ध्या शेराचं वजन, मागून आणलं होतं. पहिल्यांदा तेही जड झालं, तेव्हा रुमालात मूठभर वाळू बांधून सुरुवात केली. डाव्या हातानं वर, उजव्यानं सावकाश खाली. मनात कार्डाचा प्रवास चालायचा. आज कराडला असेल, आज पुण्याला, आज गाडीत, आज बराकीत. पंजा वाकवून तीस मोजताना मी अंक मोजत नसे, गावं मोजत असे. तिसऱ्या आठवड्यात तांब्या तळहात वर करून उचलला आणि कोपर दुखला नाही. पाचव्यात वाळू जाऊन अच्छेर आलं. मधेच एकदा हुरूप येऊन मी शेराचं वजन घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोपर ठणकत उठलो. पुन्हा खाली उतरलो. मुंगीच्या पायानं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

उत्तर आलं नाही. त्याऐवजी सातव्या आठवड्यात म्हातारीचा मुलगाच खिडकीत येऊन उभा राहिला. नाव कमी होऊन, फौजेची ट्रंक घेऊन घरी आलेला, रुंद खांद्यांचा, भावाच्याच वयाचा. मी त्याच्या मागं बघितलं. मागं म्हातारी आणि तिकिटांची रांग, भाऊ नव्हता.

"त्यो न्हाई आला," तो म्हणाला. "माज्या आदी म्हैनाभर सुटला. मुंबैला गोदीत काम बगतो म्हनाला."

"माझं कार्ड?"

"कार्ड टाकलंवतं तुमी?" तो चपापला. "त्यो असंस्तवर तर आलं न्हवतं. आलं आसतं तर त्यो हिकडंच आला आसता."

त्याला राहवलं नाही म्हणून तो बोलत राहिला. "लय डाव सांगितलं म्या त्येला, आरं गड्या, टाक की दादाला एक पत्र. म्हनायचा, दादानं टाकू नगो म्हटलंय. त्येनं एक टाकलं तर म्या धा टाकीन. टपाल आलं का पैला जाऊन हुबा ऱ्हायचा. समद्यांची पत्रं वाटून हुस्तवर हलायचा न्हाई."

खिडकीच्या गजाला धरून मी ते ऐकत होतो. तिकडं तोही टपालापाशी उभा आणि इकडं मीही. मला तेव्हा रडू आलं असतं, पण मागं रांग होती.

"जाताना पलटनीत पत्ता दिला आसंल," तो मुलगा म्हणाला. "दिला आसंल तर तुमचं कार्ड तिकडं जाईल फिरून. जातंय की असं?"

"जातं," मी म्हणालो. तेवढी एक आशा त्यानं माझ्या हातात ठेवली. त्याच्या आईच्या मनगटावर दोरा दिसला नाही. सुटला होता तो.

दोन महिने भरल्यावर सांगलीला जाऊन आलो. डॉक्टरांनी पुन्हा मूठ वळायला लावली, हात दाबला. मी दाबू दिला नाही. ते म्हणाले, छान. शिक्का धरा, पण पन्नास पत्रांवर थांबून दुसरं काम करा. मुठीवर कापड गुंडाळून ती जाड करा, पत्राखाली लोकरीचा जाड नमदा ठेवा, मनगट सरळ ठेवून खांद्यापासून हात हलवा. पट्टा अजून महिनाभर कामाच्या वेळी. व्यायाम सोडू नका. पोस्टमास्तरसाहेबांनी खुर्ची परत दिली. धाकट्या कारकुनानं सुटकेचा श्वास टाकला.

खुर्चीत बसल्याला तिसरा दिवस. पॅकरनं पिशवी उपडी केली. पत्रांच्या ढिगात एक कार्ड मजकुराची बाजू वर करून पडलं होतं, आणि त्यातल्या एका 'र'ची शेपटी खाली लांब गेलेली मला दिसली. तशी शेपटी माझा भाऊ काढायचा. एवढ्या गर्दीत मी ते अक्षर ओळखलंच. चार वर्षं त्यासाठीच तर त्या खुर्चीत बसलो होतो. मी कार्ड उचललं आणि वाचलं. उजवा कोपर दुखतो.

ती शेपटी त्याला पाटीवर मीच शिकवली होती.

कार्ड पालथं केलं. भावाच्या नावावर तांबड्या शाईची रेघ होती आणि बाजूला इंग्रजीत कुणा हवालदाराचं अक्षर: अमक्या तारखेस नाव कमी झालं, पत्ता ठेवलेला नाही, पाठवणाऱ्यास परत. पलटणीत पोचल्याचा शिक्का त्यावर होता. तो मी दोनदा बघितला. भाऊ सुटला त्यानंतर चार दिवसांची तारीख होती. इतकी स्वच्छ उठली होती की दुसरं काही वाचायला जागाच नव्हती.

बाहेर ओट्यावरचं बोलणं थांबलं होतं. बाया शिक्क्याची वाट बघत होत्या. आलेल्या प्रत्येक पत्रावर आल्या दिवसाची तारीख मारायची, हा नियम. त्यात आपलं-परकं नसतं. मी कार्ड नमद्यावर ठेवलं, पट्टा तीन बोटं खाली आहे की नाही बघितला, मनगट सरळ धरलं. एकदा गादीवर, एकदा कार्डावर.

हात मुळीच दुखला नाही. मी पुढचं पत्र घेतलं.